९० दिवसांना फ्रेंचमध्ये नकार

लिऑनजवळ पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक छोटा कारखाना आहे, असं धरू. त्याचं जुनं गिऱ्हाईक, फ्रान्समधलीच सौंदर्यप्रसाधनांची एक कंपनी, ईमेल करतं: १२,००० युरोच्या मालाचे पैसे या वेळी ६० ऐवजी ९० दिवसांनी दिले तर चालेल का? कारखान्याला हे परवडणारं नाही, आणि गिऱ्हाईक तुटलेलंही परवडणारं नाही.

आपल्याकडे अशा वेळी ‘बघतो, बोलून कळवतो’ म्हटलं की समजणारा समजतो. फ्रेंच पत्रव्यवहारात तसं लिहिलं तर समोरचा खरंच वाट बघत बसतो, आणि आठवड्याने नकार गेला की त्याला तो दुप्पट लागतो. तिथे नकार स्पष्टच हवा. फक्त तो पहिल्या ओळीत येत नाही.

पहिली ओळ पोच आणि आभाराची: ‘नूझाव्हों ब्यँ रसू व्होत्र द्माँद’, म्हणजे आपली विनंती मिळाली. तिच्याबरोबर गिऱ्हाइकाने नेमकं काय मागितलं तेही लिहावं, म्हणजे पत्र नीट वाचलंय हे दिसतं. मग कारण आणि त्यानंतर नकार. आधी नकार देऊन मागून कारणं जोडली की ती सबबींसारखी वाचली जातात.

या प्रकरणात कारण हाताशी आहे. फ्रान्सच्या २००८च्या अर्थव्यवस्था आधुनिकीकरण कायद्याने व्यापाऱ्यांमधल्या उधारीला मर्यादा घातली. करारात काहीच ठरलं नसेल तर माल मिळाल्यापासून ३० दिवस, आणि ठरवून घेतलं तरी सर्वसाधारणपणे बिलाच्या तारखेपासून ६० दिवस. महिनाअखेर धरून ४५ दिवसांचा दुसरा हिशेबही चालतो आणि काही धंद्यांना वेगळे नियम आहेत, पण खोक्यांच्या व्यवहारात ९० दिवस बसत नाहीत. मुदत मोडणाऱ्या कंपनीला २० लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पत्रात कायद्याचा उल्लेख जरूर करावा, दंडाचा मात्र करू नये. ‘नियमानुसार ६० दिवसांपुढे जाता येत नाही’ एवढ्यावर थांबलं तर नकार नियमाच्या खात्यावर जातो. दंड आणला की ती धमकी होते.

आता नकाराचं वाक्य: ‘नू न सोम पा आँ मझ्यूर द…’, म्हणजे ‘अमुक करण्याच्या स्थितीत आम्ही नाही’. त्यात ‘दुर्दैवाने’ हा शब्द एकदा शोभतो, दोनदा आला की रडगाणं होतं. शिकाऊ माणूस घसरतो तो क्रियापदापाशी. नम्रतेसाठी फ्रेंचमध्ये संकेतार्थी रूप वापरतात हे त्याला शिकवलेलं असतं, म्हणून तो ‘नू न पुरिओं पा’ लिहितो, म्हणजे ‘आम्हाला जमणार नाही बहुधा’च्या जवळपास काहीतरी. गिऱ्हाईक लगेच विचारतं, मग ७५ दिवस जमतील का? विनंती करताना ते रूप हवं, पण नकार साध्या वर्तमानकाळातच द्यावा. ‘पूर ल मोमाँ’, म्हणजे ‘तूर्तास’, हेही खरंच तूर्तास असेल तरच लिहावं. चौकशीचा पुढचा ईमेल ‘मग कधी?’ असा आला, तर समजावं की कुठेतरी फट राहिली होती.

नकारानंतरचं वाक्य ‘आँ रव्हाँश’ने सुरू होतं: त्याऐवजी हे करता येईल. खरं कसब इथे लागतं. गिऱ्हाइकाला मुळात मे महिना पैशांच्या दृष्टीने जड जाणार आहे. सगळा माल १० मार्चला बिल करून पाठवला तर ६० दिवस ९ मेला भरतात. त्याला हवी होती ८ जून. कारखान्याने निम्मा माल मार्चमध्ये आणि निम्मा १० एप्रिलला, वेगळ्या बिलाने पाठवायची तयारी दाखवली, तर दुसऱ्या ६,००० युरोंची मुदत ९ जूनला संपते. निम्म्या रकमेपुरती गिऱ्हाइकाची गरज भागते, कारखान्याचा नियम मोडत नाही. ही तडजोड तारखांसकट लिहावी. ‘काहीतरी मार्ग काढू’ यावर फ्रेंच लेखापाल काहीच करू शकत नाही.

शेवटची सही अनेकजण सवयीने उरकतात. एरवी ‘ब्यँ कॉर्दियालमाँ’ लिहिणाऱ्याने या ईमेलखाली नुसतं ‘कॉर्दियालमाँ’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला गारठा जाणवतो. तसंच अरे-तुरेचं, फ्रेंचमधल्या ‘त्यू’चं नातं असेल, तर नकारापुरतं ‘व्हू’वर, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’वर, जाऊ नये, सलगी काढून घेतल्यासारखं होतं. इतकी जवळीक असेल तर आधी फोन करावा आणि ईमेल त्याच दिवशी, बोलणं नोंदवण्यापुरता पाठवावा. फोनवर ‘पाहू’ म्हणून ईमेलमध्ये नकार देणं सगळ्यात वाईट. आणि तडजोडीचं उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं हे लिहायला विसरू नये, कारण एप्रिलचा माल कापायला कधी घ्यायचा हे कारखान्यालाही ठरवायचं असतं.