किवीवरील ४०३० : स्टिकरला ठाऊक असलेले आणि नसलेले

बंगळूरुच्या रसेल मार्केटमध्ये किंवा एखाद्या मॉलच्या फळविभागात हिरवी किवी हातात घेतली, की तिच्यावर नखाएवढा स्टिकर दिसतो. त्यावर निर्यातदाराचे नाव असते, बहुधा देशाचेही असते आणि खाली चार आकडी क्रमांक असतो : ४०३०. फळ परदेशी असल्याने हा क्रमांक देशाचा असावा, असे ग्राहकाला सहज वाटते. वस्तुतः न्यूझीलंडची हिरवी किवी असो, चिलीची असो वा इटलीची, तिच्यावर हाच क्रमांक असू शकतो.

हा क्रमांक दुकानाच्या गल्ल्यासाठी आहे. सुटी फळे तोलताना कारकुनाला वाण ओळखता आला नाही, तरी क्रमांक टाकताच योग्य भाव लागावा, एवढाच त्याचा हेतू. १९९० पासून ही पद्धत रूढ झाली आणि आज एक आंतरराष्ट्रीय महासंघ तिची यादी सांभाळतो. ३००० ते ४९९९ या श्रेणीतील क्रमांकांतून फळाचा प्रकार, वाण आणि काही फळांच्या बाबतीत आकारमान कळते. फुजी सफरचंद लहान असेल तर ४१२९, मोठे असेल तर ४१३१. क्रमांक वापरणे ऐच्छिक आहे आणि त्यामागे फळाची कोणतीही तपासणी नसते.

‘चारने सुरू होणारे फळ औषध मारलेले, आठने सुरू होणारे जनुकीय बदल केलेले’ हा मोबाइलवर फिरणारा संदेश म्हणूनच दिशाभूल करतो. पहिल्या अंकाचा फवारणीशी संबंध नाही. कीटकनाशकाचा अवशेष प्रयोगशाळेतच मोजावा लागतो. आठचा उपसर्ग एकेकाळी जनुकीय बदल केलेल्या फळांसाठी राखून ठेवला होता, परंतु दुकानांत तो त्या अर्थाने कधी वापरला गेला नाही. नऊचा उपसर्ग, म्हणजे ९४०३०, हा सेंद्रिय मालासाठी आहे. तरीही तो विक्रेत्याचा दावा असतो; प्रमाणपत्र वेगळे पाहावे लागते.

फळाचा देश कळणे हा कीटकशास्त्राच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा विषय नाही. वनस्पती विलगीकरणाचे नियम पीक आणि देश या जोडीनुसार ठरतात, कारण एकाच फळावर निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या किडी असतात. आयातीसाठी परवाना लागतो, निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि बंदरावर किंवा विमानतळावर तपासणी होते. डिसेंबर २०२१ मध्ये भारताने इराणमधून येणाऱ्या किवीची आयात थांबवली. त्या मालात विलगीकरणयोग्य किडी वारंवार सापडल्या होत्या. त्या सुमारास बंगळूरुच्या बाजारात कोणी किवी उचलली असती, तर ती बंदी घातलेल्या देशाची आहे की नाही, हे ४०३० वरून सांगता आले नसते.

मग देश कशावरून ओळखावा? स्टिकरवर देशाचे नाव अक्षरांत लिहिले असेल, तर तो एक सुगावा आहे. पुरावा मात्र नव्हे. स्टिकरची गुंडाळी कोणताही छापखाना छापून देऊ शकतो. बारकोडही फसवा आहे. ८९० या सुरुवातीवरून एवढेच कळते, की कंपनीने क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला. फळ इथेच पिकले, असे नव्हे. हंगामाची थोडी मदत होते. न्यूझीलंड आणि चिलीतील किवीची तोडणी आपल्या उन्हाळ्याच्या सुमारास होते, तर इटली व इराणमधील शरद ऋतूत. परंतु किवी शीतगृहात अनेक महिने टिकते, त्यामुळे या खुणेवर फार विसंबता येत नाही.

विश्वासार्ह माहिती असते ती खोक्यावर : मूळ देश, निर्यातदार, प्रतवारी केंद्राचा सांकेतिक क्रमांक, तुकडीचा क्रमांक. किरकोळ विक्रेता खोके फोडून फळे टोपलीत रचतो आणि खोके रद्दीत जाते. तिथेच हा धागा तुटतो. म्हणून फळावर, विशेषतः देठाजवळच्या खळग्यात, खवल्यासारखे चिकटलेले कीटक दिसले, तर विस्तार कार्यकर्त्याने आधी खोक्याच्या लेबलाचे छायाचित्र घ्यावे. फळ बंद पिशवीत ठेवून जवळच्या वनस्पती विलगीकरण कार्यालयाकडे किंवा कीटकशास्त्र विभागाकडे द्यावे. साल बागेत वा कंपोस्टमध्ये टाकू नये. किवीच्या लवदार सालीवर खवले कीटक सहज नजरेतून सुटतात, तेव्हा दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे.

नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षांकडे पाहिले, की फरक कळतो. तिथे अपेडाच्या ‘ग्रेपनेट’वर बागेची नोंदणी असते आणि खोक्यावरून माग काढत थेट नोंदलेल्या बागेपर्यंत व तिच्या अवशेष तपासणीपर्यंत पोहोचता येते. हे काम चार आकडी क्रमांकाचे नव्हे. एफएसएसएआयने २०१८ मध्ये व्यापाऱ्यांना निरुपयोगी स्टिकर टाळण्याचा सल्ला दिला, त्यामागे हाच अनुभव होता : आपल्याकडे ‘टेस्टेड ओके’ वा ‘बेस्ट क्वालिटी’ असे स्टिकर फळ भारी दिसावे म्हणून, कधी डाग झाकण्यासाठीही लावले जातात. स्टिकर उचकटून खालची साल पाहायला वेळ लागत नाही.