‘देत नाहीत’ की ‘देत नसत’? : कथनलेखनातील काळाची सुसंगती

निवासी शाळेतील विद्यार्थ्यांकडून आम्ही दरवर्षी एक लेखन करून घेतो. सुटीत घरी गेल्यावर घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीची एखादी आठवण ऐकायची आणि परत आल्यावर ती एका परिच्छेदात लिहून काढायची. रामदासपेठेतून दीक्षाभूमी पायी जाण्याइतकी जवळ असल्याने यांपैकी पुष्कळ आठवणी १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाकडे वळतात, हे स्वाभाविक आहे. या वह्या तपासताना शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षा एक वेगळीच चूक आम्हांला अधिक अडवते. परिच्छेद भूतकाळात सुरू होतो, मध्येच वर्तमानकाळात शिरतो आणि कारण नसताना पुन्हा मागे येतो. ही चूक केवळ व्याकरणाची नाही. जुनी हकिकत लिहिताना क्रियापदाचा काळ बिघडला, तर साक्षच बिघडते. ते कसे, हे एका उदाहरणावरून पाहू.

पुढील परिच्छेद इयत्ता आठवीच्या एका मुलाचा आहे. नाव व गाव आम्ही मुद्दाम वगळले आहे.

“माझी आजी तेव्हा सात वर्षांची होती. ती आईवडिलांसोबत नागपूरला आली. ते पायी चालतात आणि रात्री एका शेतात थांबतात. गावात विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. आजीला तहान लागून राहिली. वाटेत एका बाईने पाणी दिले. मैदानावर पाहते तर काय, सगळीकडे पांढरे कपडे. बाबासाहेब सर्वांना उभे राहायला सांगतात. आजी वडिलांच्या खांद्यावर बसली. ती म्हणाली की तिला काही दिसत नव्हते. त्या जागी आता मोठा स्तूप उभा होता.”

हे लेखन जिवंत आहे, यात शंका नाही. तथापि ‘पाणी भरू देत नाहीत’ या वाक्यापाशी वाचक थबकतो. हे १९५६ चे आहे की आजचे? आजचे असेल तर ती आठवण नव्हे, तक्रार आहे, आणि तिची दखल वेगळ्या ठिकाणी घ्यावी लागेल. त्या काळचे असेल तर ते इतिहासाचे साधन आहे. एका क्रियापदावर एवढा फरक अवलंबून आहे.

अशा परिच्छेदाची दुरुस्ती करण्यापूर्वी आम्ही मुलांना पेन्सिल घ्यायला लावतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाखाली रेघ ओढायची आणि समासात भूतकाळासाठी ‘भू’ व वर्तमानकाळासाठी ‘व’ लिहायचे. वरच्या परिच्छेदात हा क्रम भू, भू, व, व असा जातो आणि पुढेही हेलकावे खातो. ज्या काळात बहुतेक घटना घडतात, तो त्या परिच्छेदाचा मूळ काळ होय. येथे तो भूतकाळ आहे. मग प्रत्येक ‘व’पाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा : ही गोष्ट आज, मी लिहीत असताना, खरी आहे काय? उत्तर ‘होय’ असेल तर वर्तमानकाळ राहू द्यावा. ‘नाही’ असेल तर तो बदलावा. हाच प्रश्न उलट्या बाजूनेही विचारावा लागतो. स्तूप आज उभा आहे, मग ‘उभा होता’ का? तो आता तेथे नाही, असा अर्थ त्यातून निघतो. तेथे ‘आहे’ हवे.

या प्रश्नाने ‘चालतात’, ‘थांबतात’ आणि ‘सांगतात’ ही तीन क्रियापदे सहज सुटतात : ‘चालले’, ‘थांबले’, ‘सांगितले’. ‘भरू देत नाहीत’चे मात्र तसे नाही. येथे मराठीत तीन वाटा आहेत. ‘देत नाहीत’ म्हणजे आजही देत नाहीत. ‘दिले नाही’ म्हणजे त्या एका प्रसंगी दिले नाही. ‘देत नसत’ म्हणजे तेव्हाचा नेहमीचा रिवाज तसा होता. या शेवटच्या रूपाला व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणतात. ‘येत असे’, ‘जात असत’, ‘देई’ ही त्याचीच रूपे होत. विद्यार्थ्यांना त्याची ओळख थोडी असते, म्हणून नेहमी घडणारी जुनी गोष्ट सांगताना ते वर्तमानकाळाचा आश्रय घेतात, कारण ‘नेहमी’ हा भाव त्यांना वर्तमानकाळातच सापडतो. आमच्या मते या दोषाचे पहिले कारण हेच आहे.

तीन वाटांपैकी कोणती खरी, हे शिक्षकाने ठरवू नये. ते आजीलाच ठाऊक. आम्ही मुलाला पुढच्या भेटीत विचारून यायला सांगितले. आजीचे उत्तर आले : “तेव्हा देत नसत. पुढे नळ आला, मग विहिरीचा प्रश्नच राहिला नाही.” लाल शाईने आम्हीच परस्पर ‘दिले नाही’ केले असते, तर वर्षानुवर्षांचा रिवाज एका दिवसाच्या घटनेत आकसला असता.

दुसरे कारण आपल्या बोलीत आहे. ‘आजीला तहान लागून राहिली’ हे वाक्य पुण्याचा वाचक भूतकाळाचे समजेल. नागपूरकडे मात्र ‘तो जाऊन राहिला’ म्हणजे ‘तो जात आहे’. रूप भूतकाळाचे दिसते, अर्थ वर्तमानाचा असतो, आणि भूतकाळ हवा असेल तर आपण ‘जाऊन राहिला होता’ म्हणतो. बोलीत यात काहीही चूक नाही, ती आपल्या घरची भाषा आहे. आजीचे शब्द अवतरणात देताना ते तसेच ठेवावेत. परंतु प्रमाणभाषेतील कथनात ते जसेच्या तसे उतरले, की काळ कोणता हे वाचकाला कळेनासे होते. तेथे ‘तहान लागली होती’ असे लिहावे. ‘होती’ने आणखी एक काम होते. बाईने पाणी देण्याच्या आधीच तहान लागलेली होती, हा घटनांचा क्रम त्यातून स्पष्ट होतो.

तिसरे कारण कानाचे आहे. तोंडी गोष्ट रंगात आली, की सांगणारा आपोआप वर्तमानकाळात येतो : ‘पाहते तर काय!’ ऐकणाऱ्यासमोर आवाज असतो, हात असतात, डोळे असतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. कागदावर यांपैकी काहीच नसते. ‘पाहते तर काय’नंतरची सर्व वाक्ये वर्तमानकाळात गेली असती तर एक वेळ चालले असते. येथे मात्र ‘सांगतात’नंतर लगेच ‘बसली’ येते, आणि परिच्छेद ना तिकडचा राहतो ना इकडचा.

चौथी गफलत वेगळ्या दिशेने येते. ‘ती म्हणाली की तिला काही दिसत नव्हते’ हे वाक्य इंग्रजीच्या तासाचा परिणाम आहे. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे भूतकाळात सांगताना आतील क्रियापदही सामान्यतः मागे ओढले जाते. मराठीत तसे करण्याची गरज नाही. बोलणारा ज्या काळात बोलला तोच काळ, आणि बहुधा त्याचेच सर्वनाम, आपण राखतो : ‘ती म्हणाली, की मला काही दिसत नाही.’ येथे वर्तमानकाळ आला म्हणून सुसंगती मोडत नाही. उलट ‘दिसत नव्हते’ लिहिले, तर न दिसणे हे बोलण्याच्या आधीचे वाटते. म्हणून क्रियापदांखाली रेघा ओढताना कोणाच्या तोंडचे शब्द असतील ते आधी कंसात टाकावेत आणि मोजणीतून वगळावेत.

या सर्व दुरुस्त्यांनंतर परिच्छेद असा झाला :

“माझी आजी तेव्हा सात वर्षांची होती. ती आईवडिलांसोबत नागपूरला आली. ते पायी चालले आणि रात्री एका शेतात थांबले. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत. वाटेत आजीला तहान लागली होती, तेव्हा एका बाईने पाणी दिले. मैदानावर पोहोचून पाहिले तर सगळीकडे पांढरे कपडे. बाबासाहेबांनी सर्वांना उभे राहायला सांगितले. आजी वडिलांना म्हणाली, की मला काही दिसत नाही. त्यांनी तिला खांद्यावर बसवले. त्या जागी आता मोठा स्तूप उभा आहे.”

‘सगळीकडे पांढरे कपडे’ या वाक्यात क्रियापदच नाही, ते आम्ही तसेच ठेवले. क्रियापद नसलेले वाक्य शेजारच्या वाक्यांचा काळ घेते. ‘पोहोचून’सारख्या रूपांनाही स्वतःचा काळ नसतो, तो त्यांना वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाकडून मिळतो. लहान लहान वाक्ये अशा रूपांनी जोडली, तर काळ घसरण्याच्या जागाच कमी होतात. खांद्यावर बसण्याचे वाक्य मात्र मुलाने आजीला विचारून स्वतः बदलले. काळाचा क्रम लावताना त्याच्या लक्षात आले, की दिसत नाही असे आजी आधी म्हणाली असली पाहिजे आणि खांद्यावर नंतर बसली असली पाहिजे.

एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात : इतिहासाच्या पुस्तकात ‘बाबासाहेब नागपूरला येतात, दीक्षा घेतात’ असे लिहिलेले चालते, मग आम्हांला का नाही? तो ऐतिहासिक वर्तमानकाळ होय आणि तो चालतो. परंतु त्याची अट अशी, की तो लेखकाने निवडलेला असावा आणि परिच्छेदभर पाळलेला असावा. वरील परिच्छेद तसा लिहायचा, तर ‘येते’, ‘चालतात’, ‘थांबतात’ असे सर्वत्र करावे लागेल आणि आधी घडून गेलेल्या गोष्टीसाठी ‘तहान लागली आहे’ असे रूप घ्यावे लागेल. आणि तेथेही विहिरीचे वाक्य पुन्हा अडते. सगळाच परिच्छेद वर्तमानकाळात असेल, तर ‘भरू देत नाहीत’ हे तेव्हाचे आणि ‘स्तूप उभा आहे’ हे आताचे, हा भेद क्रियापद दाखवू शकत नाही. मग स्तूपाचे वाक्य वेगळ्या परिच्छेदात न्यावे लागते. म्हणून साक्ष नोंदवताना आम्ही भूतकाळच सुचवतो. त्यात तेव्हाचे आणि आताचे एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी राहू शकते.

तो मुलगा दुरुस्त केलेली वही घरी घेऊन गेला आणि त्याने ती आजीला वाचून दाखवली. आजीने एकच दुरुस्ती सांगितली. पाणी देणारी बाई वाटेत नव्हे, त्या शेतातच भेटली होती. काळ आमच्याकडून सुधारला गेला होता, स्थळ तिने सुधारले.