तिसरी परवानगी कुत्र्याची

संध्याकाळी शेजारचे काका सोसायटीच्या आवारात त्यांच्या कुत्र्याला फिरवत असतात. चार वर्षांची मुलगी "भू भू!" म्हणत हात पसरून धावत सुटते. "काही करत नाही तो," काका म्हणतात. पण कुत्र्याला दिसतं ते ओरडत अंगावर येणारं अनोळखी कुणीतरी, आणि गळ्यात पट्टा असल्यामुळे त्याला बाजूलाही होता येत नाही. शिवाय मुलीचा चेहरा त्याच्या तोंडाच्या जवळपास उंचीवर असतो. म्हणूनच लहान मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावा बसण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

मुलांना तीन परवानग्या शिकवा. पहिली आई-बाबांची, दुसरी कुत्र्याच्या मालकाची आणि तिसरी खुद्द कुत्र्याची. दोन्हीकडून होकार मिळाला तरी मुलीनं दोन-तीन पावलांवर थांबायचं, थोडं आडवं वळून उभं राहायचं, हात खाली सोडायचे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. नाकापुढे हात नेऊन हुंगायला लावण्याची गरज नसते. त्याला हवं असेल तर तोच येऊन हुंगेल. आला नाही, तर त्याचं उत्तर "नाही" आहे.

आला, तर डोक्यावरून हात न्यायचा नाही. वरून येणारा हात अनेक कुत्र्यांना धमकावल्यासारखा वाटतो. छातीवर किंवा खांद्यावर केसांच्या दिशेनं हळूच कुरवाळायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि हात काढून घ्यायचा. तो पुन्हा जवळ सरकला तर आणखी तीन आकडे. तोंड फिरवलं, ओठ चाटले, विनाकारण जांभई दिली, अंग ताठ केलं किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर तिथंच थांबायचं. शेपटी हलते म्हणजे तो खूशच आहे, असं नाही. मिठी आणि पापा तर नकोच. हे सगळं घरी खेळण्यातल्या कुत्र्यावर करून बघता येतं.

खाणारा, झोपलेला, बांधून ठेवलेला कुत्रा आणि पिल्लांजवळची कुत्री यांच्याकडे परवानगी मागायलाही जायचं नाही. रस्त्यावरचं मोकळं कुत्रं जवळ आलं तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी घ्यायचे, नजर पायांकडे ठेवायची. खाली पडलंच तर पोटाशी गुडघे घेऊन, कान-मान हातांनी झाकून गोळा व्हायचं.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसू द्या: दात किंवा नख लागलं, अगदी ओरखडा आला, तरी लगेच घरी सांगायचं. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते. रागावतील या भीतीनं मूल गप्प बसलं, तर ही वेळच हातची जाते. म्हणून त्या दिवशी मुलाला रागावू नका.