दालचिनीच्या रेणूतले डावीकडे सरकलेले प्रोटॉन

मागच्या वेळी आपण पाहिलं की प्रोटॉनभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन त्याच्यासाठी ढालीचं काम करतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की हे इलेक्ट्रॉन त्याला थोडासा विरोध करतात आणि प्रोटॉनपर्यंत किंचित कमी क्षेत्र पोहोचतं. ढाल जाड असेल तर सिग्नल आलेखात उजवीकडे, टीएमएसच्या शून्याजवळ येतो. ढाल पातळ झाली की तो डावीकडे सरकतो. यालाच आपण डाउनफील्ड म्हणतो.

आज एकच रेणू घेऊ. दालचिनीला तिचा वास देणारा सिनॅमाल्डिहाइड. यात बेंझीनचं वलय आहे, त्याला लागून कार्बन-कार्बन दुहेरी बंध आहे आणि टोकाला अल्डिहाइड. एकूण आठ हायड्रोजन. आणि गंमत अशी की आठांपैकी एकही आलेखाच्या उजव्या अर्ध्या भागात दिसत नाही. वलयावरचे पाच ७.४ ते ७.६ पीपीएमच्या दरम्यान, दुहेरी बंधावरचे दोन ६.७ आणि ७.५ ला, आणि अल्डिहाइडचा एकटा पार ९.७ ला. सायक्लोहेक्झेनचे प्रोटॉन १.४ ला असतात, हे लक्षात ठेवा म्हणजे अंतर कळेल.

पहिलं उत्तर जे कोणीही देईल ते असं: दुहेरी बंधातला कार्बन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो, म्हणून ढाल पातळ होते. हे खोटं नाही, पण पुरेसंही नाही. तिहेरी बंधाचं उदाहरण बघा. तिथला कार्बन तर त्याहून जास्त ओढतो, म्हणून तर टोकाच्या अल्काइनचा हायड्रोजन तीव्र अल्कली काढून घेऊ शकते. या हिशोबाने त्याचा सिग्नल एथिलीनच्या ५.३ च्याही डावीकडे हवा. प्रत्यक्षात तो साधारण १.९ ला येतो! म्हणजे इलेक्ट्रॉन किती आहेत एवढंच पाहून चालत नाही. ते फिरतात कसे आणि प्रोटॉन कुठे बसलाय, हेही पाहावं लागतं.

आता बेंझीनचं वलय टेबलावर ठेवलेल्या बांगडीसारखं समजा आणि चुंबकीय क्षेत्र खालून वर जातंय असं धरा. वलयाच्या वर-खाली पसरलेले पाय इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतात. हाच वलयप्रवाह, म्हणजे रिंग करंट. शाळेतला लेन्झचा नियम आठवा. या प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र बांगडीच्या आत बाहेरच्या क्षेत्राविरुद्ध, म्हणजे खाली जातं. पण क्षेत्ररेषा कुठेतरी परत वळायलाच हव्यात. त्या बांगडीच्या बाहेरून वर येतात. आणि बेंझीनचे हायड्रोजन नेमके तिथेच, काठाच्या बाहेर, वलयाच्याच पातळीत बसलेले आहेत. त्यांना मूळ क्षेत्र अधिक हे जादा क्षेत्र असं दोन्ही मिळतं. ढाल पातळ झालेली नाही, तर वरून आणखी थोडं क्षेत्र येऊन पडलंय.

इथे एक शंका यायलाच हवी. द्रावणात रेणू तर गरागरा फिरत असतो. वलय कधी आडवं, कधी उभं. मग सरासरी शून्य होणार नाही का? प्रवाह तिन्ही दिशांनी सारखाच सहज वाहत असता, तर नक्की झाली असती. पण वलय उभं झालं, म्हणजे क्षेत्र त्याच्या पातळीतूनच जाऊ लागलं, की इलेक्ट्रॉनना गोल फिरायला वावच राहत नाही. आडव्या स्थितीत झालेला परिणाम पुसून टाकणारं दुसरं काही नाही, म्हणून सरासरीत तो उरतो. दिशेप्रमाणे बदलणाऱ्या या वागण्यालाच ॲनिसोट्रॉपी म्हणतात.

हे सगळं कागदावरचं चित्र नाही, याचा एक सुंदर पुरावा आहे. १९६० च्या सुमारास फ्रान्झ सोंडहायमर यांच्या गटाने अठरा कार्बनांचं एक मोठं वलय तयार केलं, अठरा-ॲन्युलीन. त्यात बारा हायड्रोजन बाहेर तोंड करून बसतात आणि सहा वलयाच्या आत. सगळे एकाच प्रकारच्या कार्बनवर. नुसत्या इलेक्ट्रॉनच्या ओढाओढीने ठरत असतं तर अठराही जवळपास एकाच जागी दिसले असते. उणे ६० अंशांना मोजलं तर बाहेरचे बारा ९.३ च्या आसपास आणि आतले सहा उणे ३ ला, म्हणजे टीएमएसच्याही उजवीकडे! बारा पीपीएमचा फरक, कारण एक गट बांगडीच्या बाहेर आणि दुसरा आत. पुढची गोष्ट त्याहून छान आहे. तेच द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवलं की वलय इतक्या वेगाने पिळतं की आतले बाहेर, बाहेरचे आत होतात आणि दोन सिग्नलांच्या जागी ५.४ च्या सुमाराला एकच उरतो. बारा आणि सहाची सरासरी काढून पाहा, पाचाच्या थोडी वर येते.

बेंझीनच्या ७.३ मध्ये वलयप्रवाहाचा वाटा किती? सायक्लोहेक्झाडाइन घ्या. तसेच दोन दुहेरी बंध, पण पूर्ण फेरा नाही. त्याचे दुहेरी बंधावरचे प्रोटॉन ५.८ ते ५.९ ला येतात. म्हणजे वलयप्रवाहाचा वाटा साधारण दीड पीपीएम. उरलेलं सगळं त्याच्या नावावर टाकू नये, जे पुष्कळ पुस्तकं सर्रास टाकतात. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात क्षेत्र ९.४ टेस्ला असतं. दीड पीपीएम म्हणजे सुमारे १४ मायक्रोटेस्ला, आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या प्रचंड क्षेत्रात एवढासा फरक यंत्र स्वच्छ दाखवतं.

तिहेरी बंधाचं कोडंही आता सुटतं. तिथले इलेक्ट्रॉन बंधाच्या अक्षाभोवती नळीसारखे पसरलेले. क्षेत्र अक्षाच्या दिशेने आलं की ते त्याभोवती फिरतात आणि हायड्रोजन नेमका अक्षावर, म्हणजे बांगडीच्या 'आत' सापडतो. म्हणून तो उजवीकडे जातो.

आता दालचिनीकडे. अल्डिहाइडचा हायड्रोजन कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या पातळीत, ढाल पातळ होणाऱ्या भागात बसतो. शिवाय ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतोच. नुसती ओढ किती नेते पाहायचं तर क्लोरोफॉर्म बघा: तीन क्लोरीन लावूनही तो ७.२६ लाच थांबतो. अल्डिहाइडमध्ये एकाच ऑक्सिजनने ९.७ गाठलं. मात्र एक सावधगिरी. दुहेरी बंधाभोवती पाय इलेक्ट्रॉनचा शंकू काढून दाखवण्याची पद्धत आहे, पण इथे बांगडीसारखा पूर्ण फेरा नाही. क्वांटम गणितं सांगतात की अल्कीन आणि अल्डिहाइडमध्ये सिग्मा बंधांचाही मोठा वाटा असतो. दिशा ओळखायला शंकू कामाला येतो, आकडा काढायला नाही.

आणि शेवटचा सापळा. दुहेरी बंधावरचा, वलयाला लागून असलेला हायड्रोजन ७.५ ला, सरळ वलयाच्या गर्दीत जाऊन बसतो. कार्बोनिल दुहेरी बंधातून इलेक्ट्रॉन ओढतो आणि त्या कार्बनवरच धन भार येतो, हे त्याचं मोठं कारण. फक्त जागा पाहून तुम्ही वलयावर सहा हायड्रोजन मोजाल. वाचवतं ते विभाजन: त्याच्या दोन रेषांमध्ये १६ हर्ट्झचं अंतर असतं, ट्रान्स दुहेरी बंधाची खूण. बेंझीनच्या शेजाऱ्यांमध्ये ते आठच्या आसपास असतं. तोच १६ चा आकडा ६.७ च्या सिग्नलमध्ये शोधा, सोबत अल्डिहाइडशी असलेला ८ च्या जवळचाही सापडेल. मग वलयाकडे पाचच उरतात.