डेटाबेस पडल्यावरचे पहिले दोन तास

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक इंजिनिअर एका साध्या दुखण्याशी झुंजत होता. गिटलॅबवर जगभरचे प्रोग्रॅमर आपापला कोड ठेवतात. त्याच्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, दोन सर्व्हरवर असत. `db1` हा मुख्य आणि `db2` ही त्याची सतत ताजी होत राहणारी प्रतिकृती. त्या संध्याकाळी कामाचा भार अचानक वाढला आणि `db2` इतका मागे पडला की त्याला नव्याने पूर्ण प्रत देण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

त्यासाठी `pg_basebackup` ही आज्ञा दिली जाते. ती दिली, पण पडद्यावर काहीच उमटेना. एररही नाही, प्रगतीही नाही. खरं तर ती मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू होण्याची वाट पाहत गप्प बसली होती, आणि हे तिचं नेहमीचं वागणं आहे. कंपनीच्या रनबुकमध्ये मात्र हे कुठे लिहिलेलं नव्हतं. इंजिनिअरला वाटलं, जुनी डेटा डिरेक्टरी आड येत असेल. म्हणून त्याने ती `rm -rf` ने पुसायला घेतली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण `db2` वर नाही, `db1` वर आहोत. २३:२७ यूटीसीला त्याने आज्ञा थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. `db2` आधीच रिकामा केलेला होता.

चुकीच्या खिडकीत आज्ञा दिली जाणं हा अपघात कुणाच्याही हातून होऊ शकतो. या घटनेतला शिकण्यासारखा भाग त्यानंतर सुरू होतो.

गिटलॅबकडे रोजचा बॅकअप होता, असं सगळ्यांना वाटत होतं. तो क्लाउडवरच्या ज्या जागी जायचा, ती उघडली तर रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता, आणि बॅकअप घेणारं `pg_dump` ९.२ चं चालत होतं. जुनं `pg_dump` नव्या सर्व्हरला हात लावत नाही, एरर देऊन बाहेर पडतं. रोज तेच होत होतं. त्या एररच्या ईमेलही निघत होत्या, पण त्यांवर आवश्यक सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. क्लाउडमधल्या डिस्कचे स्नॅपशॉट काही सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हते. कामी आली ती निव्वळ योगायोगाने मिळालेली एक प्रत. अपघाताच्या सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने काढून चाचणीच्या सर्व्हरवर टाकलेला होता.

प्रत मिळाली तरी सेवा उभी राहायला पुढच्या दिवशीचे १८:१४ वाजले. चाचणीच्या सर्व्हरची डिस्क स्वस्तातली आणि मंद होती, वेग जेमतेम ६० मेगाबिट प्रति सेकंद. ३०० जीबी त्या वेगाने हलवायला निव्वळ भागाकारानेच अकरा तासांहून जास्त लागतात. हा भागाकार अपघाताच्या आदल्या महिन्यातही तितकाच सोपा होता. सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच: कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. लोकांचा कोड वेगळ्या जागी असल्यामुळे तो वाचला.

रनबुक म्हणजे अशा रात्री हातात धरायची कागदोपत्री वाट. ती लिहिताना बहुतेक जण पहिल्या ओळीत ‘दोन तासांत सेवा पूर्ववत’ असं उद्दिष्ट टाकतात आणि मग खाली पायऱ्या लिहितात. तो आकडा कुणीतरी बैठकीत बोललेला असतो, मोजलेला नसतो. एक उदाहरण पूर्ण सोडवलं की मोजणं म्हणजे काय ते कळतं.

समजा, एक सहकारी दूध संघ आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर लिटर, फॅट आणि एसएनएफची नोंद होते आणि ती संघाच्या डेटाबेसमध्ये येते. संकलन सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी पावणेचारला सर्व्हर गेला तर पावणेसहाच्या आत तो उभा हवा, कारण तेव्हा केंद्रांवर रांग लागते. हे झालं वेळेचं उद्दिष्ट: दोन तास. दुसरं उद्दिष्ट, किती नोंदी गमावणं चालेल याचं. शेवटच्या पाच मिनिटांच्या पावत्या केंद्रावर कागदावर असतात, त्या पुन्हा टाकता येतील. म्हणजे पाच मिनिटं.

या पाच मिनिटांसाठी पोस्टग्रेसमध्ये एक सोय आहे. प्रत्येक बदल आधी वॅल नावाच्या लॉगमध्ये लिहिला जातो, आणि त्या लॉगच्या फायली दुसऱ्या यंत्रावर साठवता येतात. रात्रीची पूर्ण प्रत आणि त्यानंतरचे लॉग हाताशी असले की डेटाबेस हव्या त्या मिनिटापर्यंत पुन्हा घडवता येतो. एक खोच मात्र आहे. लॉगची फाइल साधारणपणे १६ एमबी भरल्यावरच रवाना होते. दुपारच्या शांत वेळी ती तासभरही भरणार नाही. म्हणून `archive_timeout` ३०० सेकंदांवर ठेवावा लागतो, म्हणजे फाइल भरो न भरो, बदल झाला असेल तर पाच मिनिटांनी ती जाते.

आता दोन तासांचा हिशोब. डेटाबेस १२० जीबीचा. बॅकअपच्या डिस्कवरून प्रत्यक्ष मोजलेला वेग सेकंदाला ५० एमबी, म्हणजे प्रत उतरायला ४० मिनिटं. रोजचा लॉग १२ जीबी, आणि तो पुन्हा चालवण्याचा मोजलेला वेग सेकंदाला १० एमबी. संघ रविवारी रात्री पूर्ण प्रत घेत असेल आणि शुक्रवारी दुपारी घात झाला, तर पाच दिवसांचा ६० जीबी लॉग चालवायला १०० मिनिटं. प्रत आणि लॉग मिळूनच दोन तास वीस मिनिटं झाली, अजून कुणाला फोनही केलेला नाही. पूर्ण प्रत रोज रात्री घेतली तर लॉगची वीस मिनिटं पुरतात. निदान आणि निर्णयाला १५, नवा सर्व्हर तयार करायला १५, प्रतीला ४०, लॉगला २०, तपासणीला २०. एकूण ११० मिनिटं. साप्ताहिक बॅकअप बदलून दैनिक करायचा निर्णय रनबुक लिहिताना असा हिशोबातून निघतो. नाहीतर तो शुक्रवारी दुपारी कळतो.

पायऱ्यांचा क्रमही मनाला येईल तसा लावून चालत नाही. जे पुन्हा परतवता येत नाही ते शक्य तितकं उशिरा, हा त्याचा कणा. म्हणून पहिली पायरी दुरुस्तीची नसतेच. केंद्रांकडून येणाऱ्या नोंदी थांबवायच्या, वेळ लिहून ठेवायची, आणि बिघडलेल्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी आहे तशी बाजूला ठेवायची. नाव बदला, पुसू नका. जागा कमी पडते म्हणून ती पुसण्याचा मोह दर वेळी होतो, आणि नेमकी तीच शेवटची प्रत निघते.

मग फाटा येतो. यंत्र जळालं असेल तर प्रतिकृती असलेला दुसरा सर्व्हर मुख्य करायचा, काही मिनिटांचं काम. पण कुणी चुकून तक्ता पुसला असेल तर तो पुसण्याचा हुकूम प्रतिकृतीपर्यंतही सेकंदांत पोचलेला असतो, तिथे ती काही कामाची नाही. हा प्रश्न रनबुकमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन वाटांनी, पान क्रमांकासह लिहिलेला हवा. घाबरलेल्या माणसाला विचार करायला लावणारं वाक्य तिथे नको.

दुसऱ्या वाटेवर नव्या सर्व्हरवर तीच मुख्य आवृत्ती टाकायची, रात्रीची प्रत उतरवायची, `recovery.signal` नावाची रिकामी फाइल ठेवायची आणि सेटिंगमध्ये हे लिहायचं:

```
restore_command = 'cp /backup/wal/%f %p'
recovery_target_time = '2026-01-16 15:41:00+05:30'
recovery_target_action = 'pause'
```

चुकीचा हुकूम ३:४२ ला दिला गेला, म्हणून ३:४१ ला थांबायचं. शेवटचं `+05:30` विसरणं फार सोपं आहे. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. त्याच्या लेखी १५:४१ म्हणजे आपले रात्रीचे नऊ वाजून अकरा मिनिटं, जे अजून उजाडायचे आहेत. मग तो सगळा लॉग चालवतो, त्यातला चुकीचा हुकूमही पुन्हा बजावतो. नव्या आवृत्त्या शेवटी एरर देऊन थांबतात, जुन्या तेवढंही करत नाहीत. लॉग उलटा चालवता येत नाही, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून: ४० अधिक २० मिनिटं पाण्यात.

`pause` चा उपयोग इथेच. डेटाबेस त्या मिनिटावर थांबतो, वाचता येतो, पण लिहिता येत नाही. शेवटची पावती किती वाजताची, आजच्या सकाळच्या संकलनाची बेरीज केंद्रांच्या कागदाशी जुळते का, पुसलेला तक्ता परत आला का, हे प्रश्न त्यांच्या क्वेरींसह आणि अपेक्षित उत्तरांसह रनबुकमध्ये हवेत. जुळलं तरच `SELECT pg_wal_replay_resume();` देऊन डेटाबेस खुला करायचा. ही मागे न फिरणारी पायरी, म्हणून तिच्यापुढे दोन माणसांची नावं लिहायची जागा ठेवलेली बरी.

खुला झाल्यावरही काम संपत नाही. गमावलेल्या मिनिटांत छापलेल्या पावत्यांचे क्रमांक आता डेटाबेसला माहीत नाहीत, तो तेच क्रमांक पुन्हा वाटेल. गिटलॅबने यासाठी आपले क्रमांक एक लाखाने पुढे ढकलले होते. संघाला शंभरही पुरतील. मग लगेच नवी पूर्ण प्रत सुरू करायची, कारण पुढच्या अपघातासाठी कालच्या प्रतीवर विसंबणं अवघड होत जातं. एसएमएस आणि बँकेत पैसे पाठवणारी कामं सगळ्यात शेवटी. ती घाईने चालू झाली की शेतकऱ्यांना तेच मेसेज दोनदा जातात, आणि दुर्दैवाने कधी पैसेही.

प्रत्येक पायरीपुढे तीन गोष्टी लिहिल्या तरच कागद कामाचा: नेमकी आज्ञा, किती वेळ लागतो, आणि पडद्यावर काय दिसतं. ‘पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, थांबा’ ही एक ओळ गिटलॅबच्या रनबुकमध्ये असती, तर त्या रात्री डिरेक्टरीला कुणी हात लावला नसता. शिवाय हा कागद त्याच सर्व्हरवर किंवा त्याच नेटवर्कवर ठेवून चालत नाही. छापील प्रत लागते, आणि पासवर्ड कुणाकडे आहेत हेही त्यात लागतं.

रंगीत तालीम घ्यायची ती रनबुक न लिहिलेल्या माणसाकडून, दर तीन महिन्यांनी, वेगळ्या यंत्रावर. लिहिणाऱ्याने शेजारी बसून गप्प राहायचं. तो माणूस जिथे अडेल तिथे कागद अपुरा आहे. घड्याळ लावून प्रत्येक पायरीचा नवा आकडा जुन्यावर लिहायचा. दूध संघाचा डेटाबेस वाढून १५० जीबी झाला की प्रत उतरायला ४० ऐवजी ५० मिनिटं लागतील आणि एकूण बेरीज बरोबर १२० होईल. तेव्हा एकतर वेगवान डिस्क घ्यावी लागेल, नाहीतर दोन तासांचं उद्दिष्ट बदलून घ्यायला संचालक मंडळापुढे जावं लागेल.