अश्मकाचा पाऊस : तेरा द्रोण

पावसाळ्यात मराठवाड्यात 'किती पडला?' या प्रश्नाला दोन उत्तरं असतात. एक शेतकऱ्याचं, दुसरं महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरला की ती अतिवृष्टी, मग पंचनामे आणि मदत. मापक ६३वर थांबला, तर शेतात गुडघाभर पाणी असूनही कागदावर काही घडलेलं नसतं. आकाशातलं पाणी मोजून त्यावर महसुलाचा हिशेब बसवण्याची ही पद्धत इंग्रजांनी आणली, असा सर्वसाधारण समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती आधीच आहे, आणि तीही आपल्या गोदाकाठच्या आकड्यासकट.

ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात कोठाराची व्यवस्था सांगताना कौटिल्य म्हणतो की तिथे पाऊस मोजण्यासाठी एक अरत्नी रुंद तोंडाचं कुंड ठेवावं. अरत्नी म्हणजे चोवीस अंगुळं, साधारण ४५ सेंटीमीटर. पुढे शेतीखात्याचा प्रमुख जो सीताध्यक्ष, त्याच्या प्रकरणात प्रदेशवार पाऊस दिला आहे. कोरड्या जांगल प्रदेशात १६ द्रोण, पाणथळ भागात त्याच्या दीडपट, अवंतीत म्हणजे उज्जैनकडे २३, अपरान्तात म्हणजे कोकणात अमाप. आणि अश्मकात तेराच्या आसपास. अश्मक हे गोदावरीच्या खोऱ्यातलं जनपद. त्याला लागून मूलक, आणि मूलकाचं मुख्य नगर प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण.

द्रोण हे धान्य मोजायचं माप, मग त्यानं पाऊस कसा मोजायचा? हिशेब करून पाहू. कुंडाचं तोंड गोल धरलं तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे १६०० चौरस सेंटीमीटर येतं. द्रोण दोनशे पलांचा. पलाचं वजन किती धरायचं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण प्रचलित अंदाजांनी द्रोणात साडेसात ते नऊ लिटर पाणी मावतं. म्हणजे एक द्रोण पाऊस पाच सेंटीमीटरच्या आगेमागे. या मापानं अश्मकाचे तेरा द्रोण ६५ सेंटीमीटरच्या घरात जातात. मराठवाड्याची आजची पावसाळी सरासरी ६८ सेंटीमीटर आहे. उज्जैनचा आकडा मात्र या गणितानं आजच्यापेक्षा चढाच येतो, त्यामुळे जुळणी तंतोतंत आहे असं म्हणता येणार नाही. पण कोकण, माळवा आणि गोदाकाठ यांचा चढउतार बरोबर बसतो, आणि तो बसल्या जागी सुचलेला दिसत नाही. द्रोणाचा सोळावा भाग प्रस्थ, त्याचा चौथा भाग कुडव, म्हणजे मिलिमीटरभर पाऊसही या मापात नोंदवता येई. आजची अतिवृष्टी म्हणजे त्या काळचा सव्वा द्रोण.

उघड्या कुंडातलं पाणी उन्हानं उडतं, म्हणून सर थांबल्याबरोबर मोजणं भाग असणार. दुसरी अडचण आजही तशीच आहे. मापक एका जागी असतो, आणि पाऊस टेकडीच्या अलीकडे पडतो नि पलीकडे पडत नाही. एकूण बेरजेवर भिस्त ठेवणं धोक्याचं, हे कौटिल्यालाही ठाऊक होतं. पावसाच्या चार महिन्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या मिळून एक तृतीयांश, मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पडला तर वर्ष चांगलं, असं तो सांगतो. सात-सात दिवसांच्या तीन झडी, ऐंशी वेळा भुरभुर, साठ वेळा ऊन-पाऊस. एवढं पाहून सीताध्यक्षानं जास्त पाण्याचं पीक घ्यायचं की कमी पाण्याचं, ते ठरवायचं.

पावसानंतर येतो कर. परंपरेनं राजाचा वाटा उत्पन्नाचा सहावा हिस्सा. पाण्याचा दर वेगळा, आणि तो पाणी कसं उपसलं यावर ठरे: हातानं शेंदून घातलं तर पाचवा भाग, खांद्यावरून वाहून नेलं तर चौथा, प्रवाहावरच्या यंत्रानं खेचलं तर तिसरा. ज्याचे कष्ट जास्त, त्याचा कर कमी. नवं तळं बांधणाऱ्याला पाच वर्षं माफी, मोडकं दुरुस्त करणाऱ्याला चार.

पण उत्पन्न किती झालं हे सांगणार कोण? पाच किंवा दहा गावांवर एक गोप. त्याच्या दप्तरात गावच्या सीमा, जिरायत-बागायत, घरं, माणसं, जनावरं, प्रत्येकाचा धंदा, मिळकत आणि खर्च. आजच्या भाषेत सातबारा आणि जनगणना एकाच वहीत. आता हा गोपच गावाशी संगनमत करून क्षेत्र कमी दाखवू लागला तर? इथे हेर येतात. सिनेमातला हेर शत्रूच्या किल्ल्यात शिरतो, कौटिल्याचे बरेचसे हेर मात्र शेताचे बांध मोजत फिरतात. महसुलाचा प्रमुख समाहर्ता गृहस्थाच्या वेषातली माणसं गावोगाव नेमतो. तीही शेतांची मापं, पीक, माफीची घरं, माणसं-जनावरं स्वतंत्रपणे काढतात, आणि ते आकडे गोपाच्या वहीला लावून पाहायचे. व्यापाऱ्याच्या वेषातले बाजारात मालाचं प्रमाण नि भाव टिपतात. व्यापाऱ्यानं देशी मालावर पाच आणि परदेशी मालावर दहा टक्क्यांहून जास्त नफा घेऊ नये, असा नियम होता. तो पाळला जातो का, हे भाव कळल्याशिवाय कसं ठरणार? तापसाच्या वेषातले तर शेतकऱ्यांबरोबर सरकारी अध्यक्षांचीही सचोटी तपासतात. हेरांवर तरी विश्वास का ठेवायचा? त्याचाही नियम आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांचं म्हणणं जुळलं तरच बातमी खरी.

हे सगळे हिशेब आषाढी पौर्णिमेला मोहरबंद होऊन केंद्रात यायचे. हिशेबाचं वर्ष तिथे संपतं, आणि पुढचा पाऊस तोंडावर आलेला असतो. राजाच्या दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ, प्रत्येक दीड तासाचा. दिवसाचा पहिलाच भाग संरक्षणाचा आढावा आणि जमाखर्च ऐकण्यात, रात्रीचा पहिला हेरांना भेटण्यात. सलग झोप जेमतेम साडेचार तास. लोकांच्या तक्रारींना दिवसाचा दुसरा भाग.

हा कारभार गोदाकाठी खरोखर असा चालला का? ग्रंथ काय व्हावं ते सांगतो, काय झालं ते नव्हे. तो चंद्रगुप्ताच्या मंत्र्याचा, ही परंपराही आता डळमळीत झाली आहे. थॉमस ट्राउटमन यांनी १९७१मध्ये त्यातले 'च', 'वा', 'एव' असे बारीक शब्द मोजले, आणि वेगवेगळ्या अधिकरणांत त्यांचं प्रमाण इतकं वेगळं निघालं की एका हाताचं लेखन म्हणणं कठीण झालं. ज्यावर असे अभ्यास आज उभे राहतात ती चिकित्सक संहिता मुंबई विद्यापीठानं १९६०मध्ये छापली, संपादक र. पं. कंगले. पॅट्रिक ऑलिव्हेल ग्रंथाचा गाभा इसवी सनाच्या आगेमागे नेतात. ते खरं असेल, तर तो पैठणच्या सातवाहनांच्या काळात येतो.

खजिना रिता झाला तर काय, याचं उत्तर पाचव्या अधिकरणात आहे. ज्या मुलखात धान्य मुबलक, तिथे तिसरा किंवा चौथा हिस्सा मागावा. दुबळ्या मुलखाकडे मागू नये. आणि ही मागणी एकदाच करावी, दुसऱ्यांदा नाही. एवढ्यावर थांबला असता तर कौटिल्य आपल्याला फार सज्जन वाटला असता. पण त्याच प्रकरणात तो सांगतो, की रातोरात एखादं देवस्थान उभं करून जत्रेचं उत्पन्न घ्यावं, विहिरीत अनेक फण्यांचा नाग दाखवून पैसे गोळा करावेत, आणि जे विश्वास ठेवणार नाहीत त्यांना गुपचूप विष देऊन तो देवाचा कोप असल्याचं सांगावं. हे काम करायचं तेही हेरांनीच.