उधारी कमी केल्याचं पत्र कसं लिहावं

ओतूरच्या कृषी सेवा केंद्रांचा पैसा कांद्याबरोबर फिरतो. शेतकरी लागवडीला खतं-औषधं उधार नेतो. उन्हाळ कांदा निघाला की तो बराखीत भरतो, आणि बाजार बरा दिसला की विकून दुकानदाराची उधारी देतो. भाव पडले तर बराख उघडतच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. अशा काळात दुकानदाराचे हप्ते लांबले तर त्यात नवल नाही. पण वितरकालाही कंपनीचे पैसे मुदतीत भरावे लागतात, म्हणून कधी ना कधी उधारीची मर्यादा खाली आणावी लागते. ते कळवणाऱ्या पत्राचा पहिला खर्डा बहुतेक असा असतो :

‘आपणास वारंवार सूचना देऊनही आपण पेमेंटकडे दुर्लक्ष करत आहात. सबब आपले क्रेडिट लिमिट तात्काळ कमी करण्यात येत आहे. नोंद घ्यावी.’

यात राग आहे, पण माहिती नाही. किती बिलं थकली, मर्यादा कितीवर आली, कधीपासून, बुक केलेल्या मालाचं काय, यातलं काहीच दुकानदाराला कळत नाही. ‘दुर्लक्ष’ हा तर थेट आरोप झाला. दुकानदाराच्या मनात काय होतं ते लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक? खातेउताऱ्यात फक्त तारखा असतात. पत्रातही तारखाच याव्यात.

समजा, मर्यादा ८ लाखांची आणि बिलाची मुदत ६० दिवसांची आहे. ४ जूनचं २,१०,००० चं बिल ३ ऑगस्टला देय होतं, ते २९ ऑगस्टला आलं, म्हणजे २६ दिवस उशिरा. ११ जुलैचं १,८५,००० चं बिल ३५ दिवस उशिरा, १४ ऑक्टोबरला आलं. २० ऑगस्टचं २,६०,००० चं बिल १९ ऑक्टोबरला देय होतं, ते १० नोव्हेंबरला पत्र लिहिताना अजून बाकीच आहे. या तीन ओळी पत्रात घातल्या की ‘वारंवार’ लिहायची गरज उरत नाही.

त्याआधी एक तपासणी हवी. परत आलेल्या मालाची किंवा योजनेच्या सवलतीची क्रेडिट नोट आपल्याच ऑफिसात अडकलेली नाही ना? असेल तर आधी ती खात्यात घ्यावी. तशी नोट राहिली असेल तर दुकानदार पहिलं बोट तिच्यावरच ठेवील, आणि बरोबरच ठेवील.

नव्या मर्यादेचा आकडाही हवेतून येऊ नये. दुकानदार महिन्याला सरासरी अडीच लाखांचा माल घेत असेल, तर ६० दिवसांत पाच लाख लागतात. म्हणून मर्यादा पाच लाख, आणि हे कारणही पत्रात लिहावं. आकड्यामागचा हिशोब दिसला की त्यात शिक्षेचा वास राहत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आधीच्या येण्यावर. आज एकूण येणं ५,४०,००० आहे. त्यातले २,६०,००० थकलेले, बाकीचे मुदतीतले. मर्यादा तात्काळ पाचवर आणली तर त्याच दिवशी माल बंद होतो, तोही रब्बी कांद्याच्या लागवडीच्या तोंडावर. म्हणून १ डिसेंबरची तारीख द्यावी आणि बुक झालेला ९०,००० चा माल जुन्या मर्यादेतच सोडावा. थकलेलं बिल तोवर आलं तर येणं ३,७०,००० राहील आणि दुकानदाराला १,३०,००० चा माल उचलता येईल. हा हिशोब पत्रातच मांडावा, म्हणजे त्याला पुढची ऑर्डर ठरवता येते.

सुधारलेलं पत्र असं :

‘स. न. वि. वि. आपल्या खात्यावरील मागील तीन बिलांच्या तारखा सोबत दिल्या आहेत. दोन बिले मुदतीनंतर आली व २,६०,००० रुपयांचे एक बिल १९ ऑक्टोबरपासून बाकी आहे. त्यामुळे १ डिसेंबरपासून आपली उधारी मर्यादा ८ लाखांऐवजी ५ लाख राहील. हा आकडा आपल्या सरासरी दोन महिन्यांच्या खरेदीवरून धरला आहे. बुक केलेला ९०,००० रुपयांचा माल ठरल्याप्रमाणे पोहोचेल. बाकी बिल ३० नोव्हेंबरपर्यंत आल्यास १ डिसेंबरला आपणास १,३०,००० रुपयांपर्यंत माल घेता येईल. पुढील चार बिले मुदतीत आल्यास मर्यादा वाढवण्याचा विचार एप्रिलमध्ये करू. खात्यात फरक आढळल्यास १७ नोव्हेंबरपर्यंत कळवावे.’

‘विचार करू’ इथं मुद्दाम आहे. वाढवण्याचा अधिकार वरच्या ऑफिसकडे असेल, तर ‘वाढवू’ असा शब्द देऊ नये. कायदेशीर कारवाईची धमकीही नको. ती खरंच करायची ठरली तर तिचं पत्र वेगळं.

पत्राखाली ज्याला खात्याची माहिती आहे अशा माणसाचं नाव आणि फोन असावा. पत्र दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना सेल्समननं हातात देऊ नये. आधी फोन करावा, मग पत्र पाठवावं.